दर पावसाळ्यानंतर पैठणीच्या पदराची जर काळी पडते: आजीने शोधलेले कारण

अडचण अशी होती की माझ्या कपाटातील पैठणीच्या पदरावरची जर दर वर्षी पावसाळा संपता संपता काळपट दिसू लागे, मी ती उजळून आणली तरी पुढच्या वर्षी तोच काळेपणा पुन्हा त्याच जागी उमटला. साडी आईच्या लग्नातली, 1989 साली येवल्याला विणून घेतलेली, जांभळ्या रंगाची, नारळी काठाची, पदरावर असावलीची वेल असलेली आहे. आईकडे नाशिकला ती तीस वर्षे धडधाकट राहिली आणि माझ्या ठाण्याच्या घरी आल्यावर तिसऱ्याच वर्षी तिला हा रोग जडला, म्हणून सुरुवातीला मी सगळा दोष ठाण्याच्या दमट हवेला दिला होता. तो पूर्णपणे चुकीचा नव्हता, पण खरे कारण माझ्या स्वतःच्या फळीवर बसले होते.

पहिल्या वर्षी मी साडी जवळच्या एका लाँड्रीत दिली. तेथे तिला ड्राय क्लीनिंग आणि रोल पॉलिश करून मिळाले आणि पदर लखलखीत दिसू लागला. नऊ महिन्यांनी पदर पुन्हा काळवंडला, आणि या खेपेला त्यावर आडव्या रेषेत बारीक चिरा पडलेल्याही मला दिसल्या. दुसऱ्यांदा पॉलिश करून घेण्यापूर्वी मी आजीला फोन केला. आजीचे सारे आयुष्य येवल्यात, विणकरांच्या शेजारात गेले आहे. ती स्वतः मागावर बसलेली नाही, पण पदर विणताना दर रंगाचे वेगळे रीळ कसे फिरते आणि तुटलेली जर पुन्हा कशी बसवतात हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. तिने फोनवर एकच वाक्य सांगितले, "अगं, साडीला हात लावू नकोस, घडीही मोडू नकोस, मी येते आहे."

आजी आली ती दिवाळीच्या आठ दिवस आधी. मी साडी काढून पलंगावर टाकणार, तोच तिने मला थांबवले आणि आधी कपाट उघडायला लावले. साडी ज्या स्थितीत ठेवली होती त्याच स्थितीत तिला पाहायची होती, कारण घडी एकदा मोडली की काळेपणा कोठून आला याचा पुरावाही मोडतो, असे तिचे म्हणणे होते. फळीवर खाली आईची लोकरीची शाल होती, तिच्यावर साडीची पिशवी, पिशवीचे तोंड इलॅस्टिकने आवळलेले, आणि पिशवीच्या आत दुकानातून आली तशीच घडी. दुकानातील घडी म्हणजे पदर आणि काठ वरच्या बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत तेच दिसावेत अशी. पॉलिशवाल्यानेही तीच घडी घालून दिली होती आणि मला तीच योग्य वाटत होती.

मग आजीने पलंगावर जुने सुती धोतर अंथरले, हात धुऊन कोरडे केले, बांगड्या काढून ठेवल्या, अंगठीही काढायला लावली, आणि साडी खिडकीच्या उजेडात उलगडली. "काळे कुठे आहे ते बघ आणि मला सांग," ती म्हणाली. मी सांगितले की पदर काळा आहे. तिला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. तिने मला बोटाने न शिवता, नजरेनेच सीमा शोधायला लावली. तेव्हा दिसले की घडीत जो चौकोन सर्वांत वर होता तो काळपट तपकिरी झाला होता, त्या चौकोनाच्या कडा मधल्यापेक्षा अधिक गडद होत्या, आणि त्याच पदराचा जो भाग घडीच्या आत दडलेला होता तो सोन्यासारखा पिवळाधमक राहिला होता. चौकोनाच्या एका टोकाला, जेथे पिशवीचे इलॅस्टिक टेकत असे, तेथे बोटभर रुंदीचा जवळजवळ निळसर काळा पट्टा होता.

काळेपणाची जागा हेच निदानाचे मुख्य साधन आहे, हे मी त्या दिवशी शिकले. खऱ्या जरीत चांदीची अतिशय पातळ तार रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा थर असतो. सोने काळे पडत नाही. पण तो थर इतका पातळ असतो की वापराने, घासण्याने आणि वर्षे लोटल्याने त्याच्या सूक्ष्म फटींतून खालची चांदी हवेला सापडते, आणि चांदीला गंधकाची बाधा झाली की ती आधी पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी निळसर काळी होते. ओलावा असला की हे लवकर होते, पण नुसत्या ओलाव्याने चांदी काळी पडत नाही, त्यासाठी गंधक कोठून तरी यावेच लागते. हवेतून बाधा झाली असेल तर घडीत जो भाग बाहेर उघडा असतो तो आधी काळवंडतो, जसा माझ्या साडीचा काळवंडला. घामाने आणि अत्तराने झाली असेल तर घडीची पर्वा न करता खांद्यावरचा, बगलेजवळचा आणि कमरेचा पट्टा काळवंडतो, कारण साडी नेसल्यावर तेच भाग अंगाला लागतात. आणि सगळीकडे सारखाच फिका, तांबूस रंग येऊ लागला असेल, तर बहुधा जर चांदीची नसून तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली असते आणि तो मुलामा संपत आलेला असतो. या तिसऱ्या प्रकाराला उपाय नाही, कारण तेथे काळेपणा वर बसलेला नसतो, वरचा थरच गेलेला असतो. आमच्या साडीत एका ठिकाणी जर तुटून तिचे टोक वर आले होते. त्यातून आतला तांबडा रेशमी दोरा दिसत होता, आणि आजीने त्यावरून जर जुन्या पद्धतीची, चांदीची असल्याचे ओळखले.

माझी समजूत अशी होती की गंधक येते ते खाडीकडून. आमची निजण्याची खोली खाडीच्या बाजूला आहे आणि ओहोटीच्या वेळी चिखलाचा जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकयुक्त वायूचाच असतो. आजीने ते नाकारले नाही, पण तपासल्याशिवाय मानायलाही ती तयार नव्हती. तिने पूजेतील चांदीची तीन नाणी मागून घेतली, दात घासण्याच्या पावडरीने ती घासून चकचकीत केली, धुऊन कोरड्या फडक्याने पुसली आणि त्यांना बोटे लागू न देता एक नाणे साडीच्या फळीवर, एक खाडीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर, आणि एक मलमलीच्या चार पदरांत गुंडाळून पाहुण्यांच्या खोलीतील लोखंडी कपाटात ठेवले. चांदी ही जरीपेक्षा उघडी असते, तिच्यावर सोने नसते, म्हणून साडीला जे दोन वर्षांत होते ते नाण्याला काही दिवसांतच दिसते, असा तिचा हिशेब होता. वस्तुसंग्रहालयेही कपाटांतील हवा पारखण्यासाठी चांदीचे घासलेले तुकडे आत ठेवतात, हे मला नंतर कळले. आजीला ते ठाऊक नव्हते.

वीस दिवसांनी मलमलीतले नाणे होते तसेच होते. खिडकीतल्या नाण्यावर गवती पिवळी छटा आली होती, म्हणजे खाडीचा वाटा खराच होता. पण फळीवरचे नाणे तपकिरी झाले होते आणि त्याची एक कड काळपट दिसत होती. खाडीकडच्या उघड्या खिडकीपेक्षा बंद कपाटातील हवा चांदीला अधिक वाईट ठरली, हे पाहून मी चकित झाले.

आता फळीवर संशयित दोन होते, शाल आणि पिशवीचे इलॅस्टिक. आजीने दोन रिकामे स्टीलचे डबे घेतले, एकात पिशवीची इलॅस्टिकची पट्टी कापून टाकली, दुसऱ्यात शालीचा एक कोपरा दुमडून घातला, दोन्हींत पुन्हा घासलेले एकेक नाणे ठेवले आणि झाकणे लावली. इलॅस्टिकच्या डब्यातले नाणे आठवडाभरातच काळसर पडू लागले. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळलेले असते, आणि ते बंद जागेत हळूहळू बाहेर पडत राहते. शालीच्या डब्यात बाधा सौम्य होती, पण तीन आठवड्यांत तेथेही पिवळट तपकिरी डाग आला, कारण लोकरीच्या तंतूतच गंधक असते. रेशमात ते नाममात्र असते, म्हणून रेशमी साडीशेजारी दुसरी रेशमी साडी ठेवली तर असे होत नाही. नाशिकला आईच्या कपाटात साडी सुती धोतरात होती आणि शाली ट्रंकेत होत्या. माझ्याकडे आल्यावर मी हौसेने पारदर्शक खिडकीची पिशवी आणली आणि खाली मऊ बैठक हवी म्हणून शाल अंथरली, म्हणजे रोग मीच विकत आणला होता.

मग मी तोच प्रश्न विचारला जो बहुतेक जण आधी विचारतात. कारण गेले, पण झालेला काळेपणा कसा काढायचा? मी लिंबू, चिंच, टूथपेस्ट, आणि अॅल्युमिनियमच्या कागदावर खाण्याचा सोडा घालून गरम पाण्यात बुडवण्याची युक्ती, अशी सगळी यादी वाचून दाखवली. आजीने एकेक कारण देऊन यादी मोडून काढली. टूथपेस्ट आणि पावडर चांदीच्या नाण्यावर चालते कारण नाणे सगळे चांदीचे असते. जरीवर ती चोळली की काळेपणाबरोबर सोन्याचा थरही खरवडला जातो आणि पुढच्या खेपेला उघडी चांदी अधिक वेगाने काळी होते. लाँड्रीतील पॉलिशनंतर माझा पदर नऊ महिन्यांत पुन्हा काळवंडला, यालाही घासणे काही अंशी कारण असावे, असे तिला वाटत होते. सोड्याचे पाणी क्षारयुक्त असते आणि क्षार रेशमाला खाऊन टाकतो, गरम असेल तर लवकर. लिंबू-चिंचेचा रस जरीच्या खाली रेशमात मुरतो आणि पैठणीच्या रंगाला धक्का लावतो, शिवाय पाण्याचा डाग पडतो तो वेगळाच. तिचा निर्णय असा होता की उतरायचे तेवढे मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडून उतरवावे, बाकीचे राहू द्यावे. "काळे वाढले नाही म्हणजे आपण जिंकलो," ती म्हणाली. हे ऐकायला निराशाजनक होते, पण आज मला ते पटलेले आहे. पदर दूरवरून पाहिला तर तो चौकोन जुन्या भांड्याच्या छटेसारखा दिसतो आणि नेसल्यावर फारसा नजरेत भरत नाही.

चिरांचे प्रकरण मात्र वेगळे होते आणि त्यात माझा दुसरा दोष उघड झाला. आजीने पदर दोन हातांवर आडवा धरून खिडकीसमोर उचलला. घडीच्या रेषेवर उजेडाचे बारीक ठिपके ओळीने चमकत होते, साधारण वीत-दीड वीत लांबीपर्यंत. तेथे आडव्या बाण्याची जर शाबूत होती आणि उभे रेशमी ताणे तुटले होते. जर ही धातूची, ताठ वस्तू आहे. कापड त्याच जागी वर्षानुवर्षे दुमडले की तिच्या धारेवर रेशीम पुन्हा पुन्हा वाकते आणि शेवटी तुटते. यात रोल पॉलिशने भर घातली होती, कारण त्यात कापडाला कडकपणा देण्यासाठी लावलेला थर रेशमाला ताठ करतो आणि ताठ रेशीम घडीवर लवकर फुटते. कडक, खुळखुळणारी पैठणी दुकानात मोलाची वाटते. कपाटात मात्र मऊ पडलेली साडी जास्त जगते.

ठिपके आहेत की भोके, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. ठिपके असतील तर घडी बदलल्यावर चीर बहुधा तेथेच थांबते. लांब भोक असेल आणि कापड उचलताना रेशमाचे तुकडे गळत असतील, तर तेथे सुई लावणेही धोक्याचे असते, कारण टाक्याला धरायला आधारच उरत नाही. आमच्याकडे एका ठिकाणी चणाडाळीएवढे भोक होते. आजीने तेथे मला रफू करू दिले नाही. जाड सुती दोऱ्याने भोक आवळून शिवले की दोऱ्याचा ताण शेजारच्या धाग्यांवर जातो आणि चीर तेथून पुढे पळते. तिने ती जागा येवल्यातील एका रफूगराकडून करून घेतली. त्याने खालून त्याच रंगाच्या पातळ रेशमाचे ठिगळ ठेवले आणि सुटलेले धागे त्यावर बारीक रेशमी टाक्यांनी नुसते टेकवून ठेवले, ओढले नाहीत. जवळून पाहिले तर ते ओळखू येते. लपवण्याचा प्रयत्न त्याने केला नव्हता आणि आजीने तो मागितलाही नव्हता.

आता घडी कशी घालायची हा भाग, ज्यावर आजीने सगळ्यांत जास्त वेळ खर्च केला. जरीच्या साड्यांसाठी नेहमी दिला जाणारा सल्ला असा की साडी उलटी करून घडी घालावी म्हणजे जर आत राहते. मागच्या बाजूला धाग्यांचे सुटे तुकडे असलेल्या अनेक साड्यांना तो योग्य असेलही, पण हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण नक्षीचे धागे मागे लोंबत नाहीत, ते एकमेकांत अडकवून विणलेले असतात. म्हणून पैठणी उलटी केली तरी जर बाहेरच राहते. येथे उलट करून चालत नाही, पदरच घडीच्या पोटात घ्यावा लागतो. दुकानाची घडी याच्या नेमकी विरुद्ध असते.

पण पदर पोटात घेतला की एक नवी अडचण येते, आणि ती आजीने मला विचार करून शोधायला लावली. घडीच्या पोटात वळण सर्वांत घट्ट असते, म्हणजे ज्या पदराला चिरा पडण्याची भीती सर्वाधिक तोच सर्वांत तीव्र वळणात सापडतो. तिचा तोडगा म्हणजे वळकटी. आजोबांचे जुने धोतर फाडून तिने मनगटाएवढ्या जाडीची, साडीच्या घडीच्या रुंदीएवढी लांब वळकटी केली. पलंगावर धोतर अंथरून साडी त्यावर पसरली, काठाला काठ लावून लांबीने एकदा दुमडली, पण दुमड दाबली नाही, तिच्या पोटातही एक बारीक वळकटी ठेवली. मग पदराच्या टोकावर मोठी वळकटी ठेवून पदर तिच्याभोवती सैल फिरवला आणि उरलेली साडी हातभर अंतराने दुमडत गेली. शेवटी बाहेरच्या बाजूला आला तो साडीचा आतला, निऱ्यांकडचा भाग, जेथे फक्त काठाला जर असते. सगळे मिळून धोतरात गुंडाळले आणि सुती नाडीने सैल बांधले. रबर, टाचणी, पिन, प्लॅस्टिक यांतले काही नाही.

धोतर जुनेच का, हेही तिने सांगितले. नव्या मलमलीला खळ असते आणि खळीला कसर येते. शंभरदा धुतलेल्या धोतरात खळ राहत नाही. नवे कापड वापरायचेच असेल तर ते गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन, खळ आणि निळ न घालता वाळवावे. ब्लीचने पांढरे केलेले कापड ती घेत नाही, कारण क्लोरीनचे ब्लीच रेशमाचा शत्रू आहे आणि त्याचा अंश कापडात राहिलेला नको. वर्तमानपत्राच्या कागदाला तिने हात लावू दिला नाही. त्याची शाई उतरते आणि कागद स्वतः पिवळा पडत पडत आम्ल सोडतो. डांबराच्या गोळ्या तिला साडीला टेकलेल्या चालत नाहीत आणि त्यांचा वास रेशमातून महिनोन्‌महिने जात नाही म्हणून त्या कपाटातच नकोत, असे तिचे मत आहे. तिच्याकडे वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत फळीच्या कोपऱ्यात असतात, साडीपासून दूर. कसरीवर खरा भरवसा मात्र ती वास येणाऱ्या वस्तूंवर टाकत नाही. कपडे स्वच्छ ठेवणे आणि वेळोवेळी उलगडून पाहणे हाच तिचा उपाय आहे.

उलगडण्याचे वेळापत्रक तिने मला सणांना बांधून दिले: दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर आणि पाडव्यानंतर. प्रत्येक वेळी दुमड चार बोटे सरकवायची, म्हणजे जुनी रेषा नव्या दुमडीवर येणार नाही. एकदा काठाला काठ लावून दोन पदरी घडी घातली असेल तर पुढच्या वेळी तीन पदरी घालायची, त्यामुळे लांबीची मधली रेषाही बदलते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाट उगीच उघडायचे नाही. बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे हवा देण्याच्या नावाखाली आपण ओलावाच आत घेतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवशी साडी सावलीत, सुती कापड गुंडाळलेल्या दांडीवर तासभर टाकायची. उन्हात नाही, कारण ऊन रंग उडवते आणि रेशीमही ठिसूळ करते. हँगरवर कायमची टांगायची नाही, जरीच्या पदराचे वजन खाली ओढत राहते. माझे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होते, आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून आम्ही ते वीतभर पुढे ओढले आणि साडी मधल्या फळीवर घेतली.

नेसण्याच्या दिवसाबद्दल तिचे सांगणे थोडक्यात होते. अत्तर साडी नेसण्यापूर्वी, आणि तेही अंगावर, ते वाळेपर्यंत थांबून. पदराला खांद्यावर पिन लावायचीच असेल तर जरीतून नव्हे, आत रेशमाच्या बाजूला, आणि पिनेखाली कापडाचा तुकडा घेऊन. घरी आल्यावर साडी लगेच घडी करून ठेवायची नाही, पंख्याखाली घाम वाळू द्यायचा, पण रात्रभर तशीच टाकूनही द्यायची नाही. इस्त्री लागलीच तर उलट बाजूने, मध्ये मलमल ठेवून, रेशमाच्या तापमानावर, आणि पाणी न शिंपडता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी घडी उलगडली तेव्हा आजी फोनवर होती आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती. काळ्या चौकोनाची कड सरकली आहे का? ती सरकावी तर मला कळावे म्हणून आदल्या वर्षी आम्ही पदराच्या असावलीची पाने मोजून ठेवली होती. काळेपणा वेलीच्या सातव्या पानाच्या टोकापर्यंत होता आणि वर्षानंतरही सातव्याच पानापर्यंत होता. खिडकीपुढे धरले तेव्हा जुन्या रेषेवरच्या ठिपक्यांत एकाची भर पडलेली दिसली. आजीने विचारले की ती रेषा या वेळी घडीत कोठे आली होती. मी शोधून पाहिले, तर तीन पदरी घडी घालताना मी दुमड सरकवायला विसरले होते आणि एक दुमड जुन्या रेषेपासून अर्ध्या बोटावरच पडली होती. शाल आणि इलॅस्टिक काढल्यावर पुन्हा घासून फळीवर ठेवलेले नाणे मात्र अजून फिकट पिवळेच होते. मी ते पुसून परत ठेवले, आणि घडी सोडून चार बोटे मोजून पुन्हा घातली.